सहा तोळ्यांची माळ आणि पाशामियाँचा काटा

माझ्या टेबलावर एक सागवानी पेटी आहे. आत वजनं आहेत, दोन जातींची. एका कप्प्यात ग्रॅम, मिलिग्रॅम. दुसऱ्यात तोळा, मासा आणि डबीभर लाल गुंजा. माझ्या क्लासला येणारी पोरं विचारतात, सर, हे काय? मी सांगतो, हा ज्यानं माझा माज उतरवला त्या माणसाचा संसार आहे, त्यानंच माझ्याकडं सोपवलेला. पोरं हसतात. हसू द्या. एककांचं रूपांतर हा धडा मी लातुरात वीस वर्षं शिकवतोय, पण मला तो ज्यानं शिकवला तो चौथीनंतर शाळेत गेला नव्हता.

त्याचं नाव पाशामियाँ. निलंग्याच्या सराफ गल्लीच्या तोंडाशी त्याचं चार बाय सहाचं खोपटं. दागिने घडवत नव्हता, विकत नव्हता, गहाणही ठेवत नव्हता. फक्त तोलायचा. देणारा आणि घेणारा दोघं त्याच्याकडं यायचे, तो काचेच्या पेटीतल्या पितळी काट्यावर दागिना ठेवायचा, वजन सांगायचा आणि दोघांकडून सारखीच तोलाई घ्यायचा. एकाकडून जास्त आली तर परत करायचा. पंखा लावू द्यायचा नाही, हवेनं पारडं हलतं म्हणून. उन्हाळ्यात घामानं निथळायचा, पण पंखा बंद. त्याची बायको कमरुन्निसाचाची म्हणायची, "इनका निकाह तराजूसे हुआ है, मैं तो मेहमान हूँ." आणि तो दाढीतल्या दाढीत हसायचा.

मी मूळचा नांदेडकडचा, भोकरचा. बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी तेव्हा ओळख झाल्या झाल्या सांगायचो. नुकताच सरकारी कारकून म्हणून लागलो होतो आणि भूकंप झाला. त्र्याण्णवचा. त्यातलं जे सांगायचं ते बाकीच्यांनी सांगितलंय, मी काही परत उगाळत नाही. मला एका गावच्या मांडवात बसवलं होतं. ढिगाऱ्यातून भांडी, पेट्या, दागिने निघायचे. त्यांची यादी करायची, वर्णन लिहायचं, फळ्यावर लावायचं. ज्याचं असेल त्यानं येऊन खूण सांगायची, वजन सांगायचं, पटलं की सही-अंगठा घेऊन द्यायचं. मुदतीत कुणाचं ठरलं नाही तर सरकारी खजिन्यात. तिथून परत मिळवायला कोर्ट करावं लागणार, म्हणजे गरिबाच्या दृष्टीनं गेलंच.

एके दिवशी एक माळ निघाली. दोन घरांच्या सामाईक भिंतीच्या दगडांत. सोन्याच्या तारेत ओवलेली, आठ गिन्न्या, म्हणजे राजाच्या मुंडक्याची जुनी सोन्याची नाणी, आणि मध्ये मध्ये मणी. पोलिसांनी कुठूनतरी मागून आणलेल्या काट्यावर ती भरली सत्तर ग्रॅमच्या आसपास. मी ऐटीत लिहिलं: "सोन्याची माळ, नाणी आठ, वजन सात तोळे." आणि फळ्यावर लावून टाकलं. दहा ग्रॅमचा तोळा हे तर शेंबडं पोरही सांगतं!

दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाई आली. चाळिशीतली, पण त्या आठवड्यात साठीची झालेली. नवरा, मुलगा, सून, सगळे भिंतीखाली गेलेले. राहिली होती एकटी नात, आठ महिन्यांची राजकन्या, कडेवर. पाळणा दाराच्या चौकटीखाली होता म्हणून वाचली. पोरगी माझ्या शाईच्या दौतीकडं हात करत होती.

"साहेब, माळ माजी हाय," ती म्हणाली.

"खूण?"

"आठ गिन्न्या."

"ते फळ्यावर लिहिलंय बाई. वजन सांगा."

"सा तोळे."

मी मान हलवली. "सात आहे."

"न्हाई. साच. माजी सासू म्हणायची, पुरे सा तोळे."

मी तिला घालवून दिलं. होय, मीच. ती परत आली संध्याकाळी. परत तेच, सहा. मी म्हणालो, बाई, सरकारी काटा खोटा बोलतो का? तिनं पोरगीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली. तिथंच बसून राहिली. आज लिहितानासुद्धा मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग लक्ष्मणराव आले. त्याच सामाईक भिंतीच्या पलीकडच्या घरातले. गावात वजन असलेले, पांढरं धोतर, तालुक्याला ओळखपाळख. त्यांचंही घर पडलं होतं, नाही म्हणत नाही. त्यांनी फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं आले, म्हणाले, "आमची माळ सापडली म्हणं. आठ गिन्न्यांची, सात तोळ्यांची."

बरोब्बर! मी पावती फाडायलाच घेतली होती. तेवढ्यात खांबाशी बसलेली रुक्मिणबाई उठून ओरडली, "लक्ष्मणराव, देवाला भ्या हो! रोज तुमच्या दारावरून माझी सून ती माळ घालून पाण्याला जायाची!" आजूबाजूचे लोक गप्प बसले. ज्यांनी बघितलं असतं त्यातले निम्मे उरले नव्हते आणि उरलेल्यांना लक्ष्मणरावांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. आमचे साहेब आले, म्हणाले, दोन दावेदार झाले, आता माळ कुणालाच नाही. उद्या दुपारच्या जीपनं खजिन्यात. मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "निलंग्याहून त्या पाशामियाँला बोलवा. वजन तरी पक्कं लिहून पाठवू."

तर असा तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं, मांडीवर ही सागवानी पेटी घेऊन. काटा लावायला त्यानं मांडवात जागा शोधली, चारी बाजूंनी पडदे सोडायला लावले, टेबलाच्या पायाखाली चिपा घातल्या. मला वाटलं, केवढं हे सोंग!

तोवर मी किमतीचा रकाना भरत होतो. लातूरचा बाजार बंद होता, पेपरात फक्त लंडनचा भाव होता, औंसाला तीनशे साठ डॉलर. मी हिशेब मांडला. औंस म्हणजे अठ्ठावीस पूर्णांक पस्तीस ग्रॅम, हे मला तोंडपाठ. पाशामियाँनं चष्म्यावरून कागदाकडं पाहिलं.

"साहेब, ते अठ्ठावीसवालं औंस किराण्याचं. सोन्याचं औंस येगळं हाय."

"औंस म्हणजे औंस," मी म्हणालो.

"न्हाई जी. सोन्या-चांदीचं एकतीस ग्रॅम आन् वर एकशे तीन मिली. ट्रॉय औंस म्हणत्यात. तुमच्या हिशेबानं ग्रॅममागं पस्तीसेक रुपये जादा लागून राहिले."

मी पुन्हा भागाकार केला. पस्तीस रुपये! बी.एस्सी. फर्स्ट क्लासचे कान तापले. साहेब हसले, आणि मला तो म्हातारा तिथल्या तिथं आवडेनासा झाला.

त्यानं माळ कोमट पाण्यात धुतली, माती काढली, फडक्यानं कोरडी केली. शेजारच्या दवाखान्याच्या तंबूतली केरळची नर्स, सगळे सिस्टर म्हणायचे तिला, ती पाणी घेऊन आली होती. माळ बघून थबकलीच. "पवन! आठ पवन!" म्हणाली. तिच्याकडं सोनं पवनातच मोजतात, मुलीला लग्नात किती पवन घातलं हेच विचारतात, आणि एक पवन म्हणजे आठ ग्रॅम, असं तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

पाशामियाँ खूश झाला. "बराबर बोली, बहेन. यही गिन्नी. आठ ग्रॅमला बारा मिली कमी असती खरी, पर तुमच्याकडं सरळ आठ धरत्यात." मग त्यानं पारड्यात माळ ठेवली. काटा डुलत राहिला, आम्ही श्वास धरून. एकोणसत्तर ग्रॅम, आठशे दहा मिली. त्यानं ते वहीत लिहिलं, तारीख घातली.

मग डोळ्यांवरचा चष्मा काढून तो लक्ष्मणरावांकडं वळला. आवाजात एवढीही धार नाही.

"लक्ष्मणराव, माळ कवाची हाय?"

"आजीची. निजामाच्या राज्यातली. गिन्नीवरचं मुंडकं बघा की, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"आन् सात तोळे, हे कोण सांगितलं?"

"आजीच सांगायची."

"मधी कुणी मोडली? एखादी गिन्नी काढली, मणी काढले?"

"छ्या! जशीच्या तशी."

"पक्कं?"

"पक्कं म्हंजी पक्कं."

पाशामियाँनं पेटीचा दुसरा कप्पा उघडला. काळपट पडलेलं एक वजन काढलं. "साहेब, हा जुना तोळा. हे वजन बाजारात वापरायला बंदी हाय, मी निसतं जपून ठिवलंय. हा तोळा दहा ग्रॅमचा न्हवता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ग्रॅममधी बघा." आणि ते वजन एका पारड्यात, दुसऱ्यात ग्रॅम टाकत गेला. दहा. अकरा. काटा अजून तिकडंच. अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट मिलीला काटा मध्यावर आला.

"ग्रॅम आले तवा लोकायनं तोळा हे नाव ठिवलं आन् माप दहाचं केलं. बोलायला सोपं. पर निजामाच्या राज्यातल्या आजीला दहाचा तोळा ठाव असंल का?"

 मी पेन्सिल घेतली. सात गुणिले अकरा पूर्णांक सहाशे चौसष्ट. एक्क्याऐंशी ग्रॅम साडेसहाशे मिली. आणि समोर माळ जेमतेम सत्तर. अख्खा एक तोळा कमी! मोडतोड नाही, जशीच्या तशी, पक्कं म्हणजे पक्कं. मी लक्ष्मणरावांकडं बघितलं आणि मग माझ्या लक्षात आलं की सात हा आकडा त्यांना आजीनं दिला नव्हता. मी दिला होता. फळ्यावर. सुवाच्य अक्षरात.

मग मी सहा गुणलं.  एकोणसत्तर ग्रॅम, नऊशे चौऱ्याऐंशी मिली.

"माय," पाशामियाँ रुक्मिणबाईला म्हणाला, "तुज्या सासूनं आणखीन काय सांगितलं व्हतं? मण्यांचं काय?"

रुक्मिणबाई पुढं आली. "म्हणायची, आठ गिन्न्या साडेपाच तोळे भरत न्हाईत, दोन गुंजा कमी पडत्यात. सोनार म्हणला व्हता, अर्धा तोळा मणी घालतो आन् त्या दोन गुंजाबी मण्यातच भरून देतो. म्हून पुरे सा."

म्हाताऱ्याचे डोळे असे काही उजळले! त्यानं गिन्न्यांचा हिशेब बोटांवर केला. आठ गिन्न्या त्रेसष्ट ग्रॅम नऊशे चार. साडेपाच जुने तोळे चौसष्ट ग्रॅम एकशे बावन्न. फरक पाव ग्रॅमला जरासा कमी. त्यानं डबीतून दोन गुंजा काढल्या, पारड्यात टाकल्या. दोनशे त्रेचाळीस मिली. "ह्ये बघा. दोन गुंजा. ही गोष्ट तर फळ्यावर न्हवती ना, साहेब?"

"नव्हती," मी म्हणालो. 

"पण पाशामियाँ," आमचे साहेब म्हणाले, "तरी एकशे चौऱ्याहत्तर मिली कमी भरतेय."

"ती झीज. दीड गुंजभी न्हाई. अंगावर घातलेलं सोनं झिजतंय, साहेब. पेटीतलं झिजत न्हाई." मग त्यानं हळूच विचारलं, "रोज कोण घालायचं, माय?"

"सासू सणावारी घालायची. म्या घातली न्हाई, मला शेतात नको वाटायची. सून घालायची. लई हौस तिला. रोज घालायची, निजताना काढून भिंतीच्या कोनाड्यात ठिवायची." एवढं बोलून तिचा बांध फुटला. सिस्टरनं पोरगीला तिच्याकडून घेतलं.

लक्ष्मणराव उभेच होते. मला तर त्यांची गचांडी धरावी असं झालं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पाशामियाँनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाला, "असल्या वख्ताला माणूस गडबडतंय, लक्ष्मणराव. तुमच्या घरची दुसरी असंल, ती याद आली असंल. हुडकू, सापडंल." लक्ष्मणरावांनी मान खाली घातली, "तसंच झालं आसंल," म्हणाले, आणि गेले. मी नंतर म्हाताऱ्याशी भांडलो. सोडलंत कसं त्याला? तो म्हणाला, "त्याची भैन गेली ना त्याच्या घरात, भिंत पडली तवा. त्याला आज आणखीन खाली कशाला पाडू? माळ जागेवर गेली, काम झालं." माझा राग गेला नाही. अजूनही पुरता गेलेला नाही.

रुक्मिणबाईनं अंगठा उठवला. माळ पदरात बांधली. यादीत मी "सात" खोडून लिहिलं: सहा तोळे जुने, म्हणजे एकोणसत्तर ग्रॅम आठशे दहा मिली, झीज वजा. तोलाई म्हणून साहेब पैसे देत होते, म्हाताऱ्यानं एसटीचं भाडं तेवढं घेतलं. "तोलाई दोन्हीकडून घेतो मी, बराबर-बराबर. हितं एकीकडं काय हाय घ्यायला?"

मी त्या दिवसानंतर दर आठवड्याला निलंग्याला जाऊ लागलो. चहा प्यायचो, काटा बघायचो. चाची म्हणायची, "लो, एक और आशिक आया तराजूका." वर्षभरात नोकरी सोडली, लातूरला शिकवण्या सुरू केल्या. शिकवण्यांचे क्लास झाले, क्लासचे पत्र्याचे बोर्ड झाले, गल्ल्यांत नुसती पोरंच पोरं, खानावळीच खानावळी. इकडं माझं बस्तान बसत होतं आणि तिकडं सराफांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटे आले. पाशामियाँकडं जायची गरज कुणाला उरली? तरी तो रोज खोपटं उघडायचा, पेपरात औंसाचा भाव बघायचा, एकतीस पूर्णांक एकनं भागून डॉलरच्या भावानं गुणायचा आणि दहा ग्रॅमचा आकडा पाटीवर लिहून बाहेर ठेवायचा. शेजारी खडूनं जुन्या तोळ्याचाही लिहायचा. कुणी विचारत नव्हतं. मी म्हणायचो, चाचा, कशाला? तो म्हणायचा, "एखादी रुक्मिणबाई आली तर?"

आणि आली की हो! दोन हजार नऊचा जून. मी त्या दिवशी निलंग्यालाच होतो. दारात रुक्मिणबाई, आणि तिच्या मागं सोळा वर्षांची उंच पोरगी. राजकन्या. दहावीला चौऱ्याण्णव टक्के. कपाळावर आजीचीच आठी.

"पाशाभाऊ, माळ मोडायची हाय," रुक्मिणबाई म्हणाली. "पोरीला लातूरला घालायचंय. डॉक्टरकीचा क्लास. वीस हजार मागत्यात."

"कोण मागतंय?" त्यानं विचारलं.

तिनं कागद काढला. वर माझ्या क्लासचं नाव होतं. तिनं मला ओळखलं नव्हतं, जाड झालो होतो, मिशी गेली होती. मी तिथल्या तिथं म्हणालो, "मावशी, हा क्लास माझाच, ये तिला घेऊन. एक पैसा नको." आणि ओळख सांगितली. मी तोच, फळ्यावर सात लिहिणारा.

तिनं मला वर-खाली न्याहाळलं. "तवाबी तू चुकलास, आत्ताबी चुकून राहिलास. फुकटचं शिकलेलं अंगाला लागत न्हाई. फी देणार म्या."

चाची आतून खो-खो हसली.  पाशामियाँनं खोपट्याचं दार लोटलं, काटा पुसला आणि माळ पारड्यात ठेवली. सोळा वर्षांनी. त्याची बोटं आता कापायची, पण वजनं ठेवताना नाही. काटा डुलला, थांबला. त्यानं पुन्हा बघितलं. मग जुनी वही काढली, पान उलटत त्र्याण्णवपाशी आला, आणि वही माझ्याकडं सरकवली.

एकोणसत्तर ग्रॅम, आठशे दहा मिली. तेव्हाही. आताही. एका मिलीचा फरक नाही.

"माय," तो म्हणाला, "सोळा वर्सांत एकदाबी घातली न्हाईस?"

"जिची व्हती तिनं घातली, ती गेली," रुक्मिणबाई म्हणाली. "म्या डब्यात ठिवली. डबा उघडलाबी न्हाई. तिचं जेवढं झिजलंय तेवढंच ऱ्हावं वाटलं."

राजकन्या आजीकडं बघत होती. तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती म्हणाली, "आई घालायची ही?"

"रोज," आजी म्हणाली.

पाशामियाँनं वही मिटली. मग कामाला लागला. औंसाचा भाव नऊशे चाळीस, डॉलर अठ्ठेचाळीस, ग्रॅमला चौदाशे पन्नास. गिन्नी बावीस कॅरेटची, म्हणून त्यातला बारावा हिस्सा वजा. दोन गिन्न्यांचे एकवीस हजारांच्या वर होतात, असं त्यानं तिला बोटांवर समजावून दिलं. दोनच गिन्न्या काढल्या, तार पुन्हा जोडायला समोरच्या सोनाराकडं पाठवली. सराफानं तेवढेच पैसे दिले, म्हाताऱ्यापुढं कमी देणार कोण! त्यातले वीस हजार रुक्मिणबाईनं मोजून माझ्या हातात ठेवले. मी घेतले. तिचा मान ठेवायचा दुसरा रस्ता नव्हता.

उरलेली सहा गिन्न्यांची माळ ती पुन्हा पदरात बांधायला लागली. पाशामियाँनं तिचा हात धरला. बाईमाणसाचा हात धरताना मी त्याला आयुष्यात एकदाच बघितलं.

"डब्यात नको, माय. पोरीच्या गळ्यात घाल. आता झिजू दे."

आयुष्यभर गुंजेगुंजेसाठी पंखा बंद ठेवणारा माणूस हे बोलत होता. रुक्मिणबाईनं माळ नातीच्या गळ्यात घातली, आणि मी, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, भर बाजारात रडलो.